रिफंड कमी का आला, हे ग्राहकाला कसं लिहून कळवावं? (रिस्टॉकिंग आणि कुरिअर वजा जाता)

अंबडचं_हत्यारघर

दुकान अंबडला, विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून. लातूरच्या एका ग्राहकाने २६ एमएमचं रोटरी हॅमर मागवलं आणि सहाव्या दिवशी परत पाठवलं. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "काम दुसऱ्याला दिलं, आता मशीन लागत नाही." मशीन व्यवस्थित चालतंय, पण खोकं उघडलेलं आहे.

ग्राहकाने भरलेले एकूण ७,३१६ रुपये. त्यात मशीन ७,०८० (६,००० अधिक १८% जीएसटी) आणि कुरिअर २३६ (२०० अधिक जीएसटी). पैसे यूपीआयने आले होते.

ऑर्डर देताना दिसणाऱ्या अटी अशा: मशीनमध्ये दोष नसताना परत केल्यास जीएसटीपूर्व किमतीच्या १०% रिस्टॉकिंग चार्ज, परतीच्या पिकअपचे ३०० रुपये, दोन्हींवर जीएसटी वेगळा. पाठवणीचा कुरिअर खर्च परत मिळणार नाही.

आता ग्राहकाला पाठवायचा मजकूर असा केलाय:

> प्रिय ग्राहक, आपली ऑर्डर रिटर्न झाली आहे. कंपनीच्या पॉलिसीनुसार रिस्टॉकिंग फी, शिपिंग व लागू कर वजा करून आपला रिफंड ₹५,८६२.७१ प्रोसेस करण्यात आला आहे. ही रक्कम अंतिम असून सर्व वाद नाशिक न्यायक्षेत्राच्या अधीन राहतील. धन्यवाद.

अजून पाठवलेला नाही, पैसेही सोडलेले नाहीत. यात काय बदलावं?

---

हिशोबनीस

भाषेचं नंतर बघू, आधी आकडा दुरुस्त करा. ५,८६२.७१ चूक आहे.

तुमच्याच अटींनी हिशोब मांडला तर ६,००० च्या १०% म्हणजे ६०० रुपये रिस्टॉकिंग, त्यावर जीएसटी १०८, एकूण ७०८. परतीचा पिकअप ३०० आणि जीएसटी ५४, एकूण ३५४. पाठवणीचे २३६. आता ७,३१६ मधून २३६ गेले की ७,०८० उरतात, त्यातून ७०८ गेले की ६,३७२, आणि ३५४ गेले की ६,०१८. ग्राहकाला ६,०१८ रुपये जायला हवेत.

तुमचा आकडा कसा आला तेही दिसतंय. १०% काढले ते संपूर्ण ७,३१६ वर, म्हणजे ७३१.६०. त्यात जीएसटी आधीच होता, कुरिअरही होतं. मग त्या रकमेवर पुन्हा १८% चढवले, झाले ८६३.२९. अशा रीतीने कुरिअर खर्चावरही रिस्टॉकिंग लागलं आणि कराच्या रकमेवर परत कर लागला. ग्राहकाचे १५५ रुपये २९ पैसे जास्त कापले जात होते.

टक्केवारी लिहिताना ती कशावर काढली हे त्याच ओळीत लिहायचं, ही सवय लावून घ्या. "१०% रिस्टॉकिंग" एवढंच वाचणारा माणूस मोबाइलवर ७,३१६ चे १०% काढतो, त्याला ७३२ दिसतात, तुमच्या कागदावर भलतंच काहीतरी असतं, आणि तिथून फोन सुरू होतात.

---

गंगाघाट_ग्राहक

मुळात रिस्टॉकिंग चार्ज घेताच येत नाही ना? २०२० च्या ई-कॉमर्स नियमात स्पष्ट आहे की ऑर्डर रद्द केली म्हणून ग्राहकाकडून चार्ज घ्यायचा नाही. दुकानदार सर्रास घेतात, कारण कोणी १९१५ ला फोन करत नाही.

---

हिशोबनीस

नियम तुम्ही अर्धा सांगितलात. रद्द करण्याचा चार्ज लावता येत नाही, *पण* विक्रेत्याने स्वतःहून एकतर्फी ऑर्डर रद्द केली तर तोही तसाच चार्ज सोसत असेल, तर लावता येतो. आणि तो नियम रद्द करण्यापुरता आहे. इथे माल पोहोचला, खोकं उघडलं गेलं, मग परत आला. मालात दोष नसताना, केवळ नको म्हणून परत केलेल्या वस्तूवर आधी जाहीर केलेली वजावट करणं ही वेगळी बाब.

मात्र तुमच्या शंकेत एक गोष्ट बरोबर आहे आणि धागाकर्त्यांनी ती लक्षात ठेवावी. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत लिहिल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तिथे रिस्टॉकिंग नाही, परतीचा पिकअप नाही, आणि पाठवणीचे २३६ सुद्धा परत द्यायचे. म्हणून मजकुरात पहिल्यांदा हे यायला हवं की हा परतावा कोणत्या कारणाखाली धरला आणि ते कारण कोणी दिलं.

---

साडीवेडी_सिडको

माझंही असंच झालंय. साडीचा रंग फोटोतल्यापेक्षा पार वेगळा निघाला, परत केली तर १८० रुपये कापले. मग मी ते मागू शकते का? इथे कोणाकडे पत्राचा नमुना आहे का?

---

हिशोबनीस

ताई, तुमची बाजू ग्राहकाची आहे आणि इथे विक्रेत्याचा मजकूर चाललाय, त्यामुळे वेगळा धागा काढलात तर जास्त लोक बघतील. थोडक्यात: जाहिरातीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट आणि दिवसाच्या उजेडात काढलेला साडीचा फोटो शेजारी ठेवा आणि "वर्णनाशी जुळत नाही" या कारणाने पूर्ण रक्कम लेखी मागा. परत करताना ॲपवर "आवडली नाही" हे कारण निवडलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यायचा प्रयत्न करा. नाही तर विक्रेता तेच पुढे करेल.

---

कार्बनब्रश

मशीनच्या बाजूने सांगतो. "दोष नाही" असं लिहिण्याआधी दोष नाही हे खरंच तपासलंय का? रोटरी हॅमरमध्ये हे फार वेळा चुकतं. त्याला मोडचा खटका असतो: नुसतं ड्रिल, हॅमरसकट ड्रिल, काहींत नुसतं हॅमर. ग्राहक खटका नुसत्या ड्रिलवर ठेवून काँक्रीटमध्ये भोक पाडायला जातो, बीट नुसता घासतो, आणि तो म्हणतो मशीनला ताकदच नाही. हा दोष नाही. पण खटका हॅमरवर असूनही ठोका बसत नसेल तर तो दोष आहे, मग ग्राहकाने कारण काहीही लिहिलेलं असो.

म्हणून परत आलेलं प्रत्येक मशीन काँक्रीटच्या ठोकळ्यावर दोन्ही मोडमध्ये चालवून बघायचं. हवेच्या फटीत सिमेंटची पूड आहे का, चकच्या रबरी टोपीवर ओरखडे आहेत का, आणि झाकण काढून कार्बन ब्रशचं टोक कसं आहे, एवढं बघितलं की काम झालं. कोऱ्या ब्रशच्या टोकाला कारखान्यातला खरखरीतपणा असतो. बऱ्यापैकी वापर झाला की टोक कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजून चकचकीत होतं. एक सावधगिरी घ्या. नवीन मशीनही काही कारखान्यात थोडं चालवून बघितलेलं असतं, त्यामुळे किंचित चमक दिसली म्हणून "वापरलेलं" असा शिक्का मारू नका.

खोक्यात बाजूची मूठ, खोली मोजायची पट्टी, ग्रीसची डबी आणि बीट आहेत का तेही मोजा. आणि मशीनवरचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवा. जुनं मशीन नव्या खोक्यात घालून परत पाठवणारे आहेत.

---

अंबडचं_हत्यारघर

सिरीयल जुळला. दोन्ही मोडमध्ये चाललं. फटीत पूड नाही. खोली मोजायची पट्टी मात्र नाही, बाकी सगळं आहे. सुटी पट्टी आमच्याकडे ९० रुपयांना मिळते. ती रिस्टॉकिंगमध्येच धरू का, म्हणजे वेगळं लिहायला नको?

---

हिशोबनीस

रिस्टॉकिंगमध्ये अजिबात मिसळू नका. रिस्टॉकिंग चार्ज तपासणी, पुन्हा पॅकिंग आणि उघडलेलं मशीन कमी भावात विकावं लागण्याबद्दल आहे. हरवलेला भाग ही वेगळी वजावट, आणि ती तुमच्या अटीत लिहिलेली असेल तरच. तुम्ही वर दिलेल्या अटींत ती दिसत नाही. मग ९० रुपये सोडून द्या, किंवा ग्राहकाला पट्टी शोधून पाठवायला सांगा. अटीत नसलेली एक ओळ घुसवली की बाकी तिन्ही ओळींवरही ग्राहक संशय घेणार.

---

सातपूर_एमआयडीसी

मला वाटतं पेमेंट गेटवेची फीसुद्धा कापायला हवी. रिफंड दिला तरी गेटवे आपली फी परत करत नाही, तो खर्च विक्रेत्याने का सोसायचा? आणि कुरिअरने परतीचं खरं बिल ३०० पेक्षा जास्त लावलं असेल तर ते खरं बिलच धरायला हवं. आमच्याकडे रिव्हर्स पिकअपची बिलं कायम फुगलेली येतात.

---

हिशोबनीस

गेटवेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, बहुतेक गेटवे फी परत करत नाहीत. पण तो तुमच्या धंद्याचा खर्च. ग्राहकाला दाखवलेल्या अटीत नाही, मग मजकुरातही नाही. पुढच्या वेळी रिस्टॉकिंगचा दर ठरवताना तो धरा.

परतीचं बिल फुगतं ते कुरिअरने खोक्याच्या आकारावरून वजन धरल्याने. लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार भागिले ५,०००, असं बऱ्याच कुरिअरकडे असतं. अंबडहून जाताना खोकं ४८ × ३८ × १४ चं असेल तर ५.१ किलो होतं आणि साडेपाचच्या टप्प्यात बसतं, मग आतलं सामान सव्वाचार किलोचं का असेना. ग्राहकाने तेच मशीन मूळ खोक्यासकट ५५ × ४५ × २० च्या मोठ्या खोक्यात घातलं की ९.९ किलो होतात. बिल १० किलोचं येतं आणि आत मशीन तेवढंच असतं.

तरीही ग्राहकाकडून ३०० अधिक कर एवढंच घ्यायचं, कारण त्याने ३०० वाचून परत पाठवलं. वरचा फरक तुमचा. हवं तर वेबसाइटवर "मूळ खोक्यातच, बाहेर दुसरं खोकं न घालता परत द्या" अशी ओळ टाका. तोटा तिथे अडवता येतो. नंतर ग्राहकाकडून वसूल करायला जाऊ नका.

---

करसल्लागार_शरणपूर

जीएसटीच्या कागदांबद्दल एक भर. ग्राहक महाराष्ट्रातला, त्यामुळे बिलावर सीजीएसटी ९% आणि एसजीएसटी ९% आहे. माल परत आला म्हणून ६,००० अधिक १,०८० ची पूर्ण क्रेडिट नोट काढा, आणि रिस्टॉकिंग व पिकअपचं ९०० अधिक १६२ असं वेगळं बिल करा. ७,०८० वजा १,०६२ म्हणजे ६,०१८. माझ्या मते हाच मार्ग स्वच्छ.

---

हिशोबनीस

इथे मी वेगळं करतो. वजावट मूळ विक्रीशीच जोडलेली आहे, म्हणून एकच क्रेडिट नोट, ५,१०० अधिक ९१८. बेरीज तीच, ६,०१८. सरकारला कमी भरावा लागणारा निव्वळ करही तोच, ९१८.

---

करसल्लागार_शरणपूर

या मालावर १८% आहे म्हणून तोच येतो. उद्या हे ५% च्या मालावर करा. तुमच्या पद्धतीत वजावटीवर ५% लागेल, माझ्यात सेवा म्हणून १८%. विभागाने विचारलं तर काय उत्तर देणार? रद्द करण्याचे चार्ज मूळ पुरवठ्याच्याच दराने धरावेत असं २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात आहे, पण परत आलेल्या मालावरच्या रिस्टॉकिंगला ते जसंच्या तसं लावायचं का, यावर माझं मन अजून तयार नाही.

---

हिशोबनीस

मान्य, ५% च्या मालावर हा प्रश्न खरा आहे. ग्राहकाच्या मजकुरात मात्र हे काहीच आणू नका. त्याला क्रेडिट नोटचा क्रमांक पुरे. ग्राहक कंत्राटदार असेल आणि बिल त्याच्या जीएसटी नंबरवर असेल, तर एक जादा वाक्य टाका, की घेतलेलं क्रेडिट त्या प्रमाणात उलटवावं.

आता मजकूर. तुमच्या मसुद्यात ग्राहकाला पहिल्या ओळीत काय कळतं? काहीच नाही. त्याला हवं असतं: किती येणार, कधी, कुठे, आणि बाकीचे कुठे गेले. "पॉलिसीनुसार" या शब्दाने सुरुवात केली की तो पुढचं चिडूनच वाचतो. "रक्कम अंतिम" काढा. "नाशिक न्यायक्षेत्र" तर काढाच. २०१९ च्या कायद्याने ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाऊ शकतो, म्हणजे लातूरचा माणूस लातूरलाच तक्रार करेल. बिलावर छापलेल्या त्या ओळीने तो अडत नाही, नुसता दुखावतो.

असं लिहून बघा:

> नमस्कार,
>
> आपण परत पाठवलेलं रोटरी हॅमर (ऑर्डर क्र. ____, सिरीयल क्र. ____) आम्हाला ____ तारखेला मिळालं. आपल्याला ₹६,०१८ परत पाठवत आहोत. आपण ज्या यूपीआय खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात ते ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत जमा होतील.
>
> आपण ₹७,३१६ भरले होते. त्यातून पुढील तीन रकमा वजा केल्या आहेत:
>
> पाठवणीचा कुरिअर खर्च: ₹२३६ (२०० + जीएसटी ३६). मशीन आपल्यापर्यंत पोहोचलं, त्यामुळे हा खर्च परत होत नाही.
>
> रिस्टॉकिंग चार्ज: ₹७०८. मशीनच्या जीएसटीपूर्व किमतीच्या, म्हणजे ₹६,००० च्या, १०% = ₹६००, अधिक जीएसटी ₹१०८. खोकं उघडलेलं असल्याने मशीन तपासून पुन्हा पॅक करावं लागतं आणि ते नव्या भावात विकता येत नाही.
>
> परतीचा पिकअप: ₹३५४ (३०० + जीएसटी ५४).
>
> एकूण वजावट ₹१,२९८. ७,३१६ − १,२९८ = ६,०१८.
>
> परत करण्याचं कारण आपण "आता मशीन लागत नाही" असं दिलं होतं. आम्ही मशीन दोन्ही मोडमध्ये चालवून पाहिलं, ते व्यवस्थित चालतं. मशीन नीट चालत नव्हतं म्हणून आपण परत केलं असेल, तर कृपया ७ दिवसांत कळवा. मशीन पुन्हा तपासू. दोष निघाला तर वरील तिन्ही रकमा परत देऊ.
>
> या अटी ऑर्डर देताना दाखवल्या होत्या, त्यांची प्रत आणि क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. रिफंड झाल्यावर यूटीआर क्रमांक पाठवू. त्या मुदतीत पैसे दिसले नाहीत तर तो क्रमांक आपल्या बँकेला सांगावा.
>
> संपर्क: ____ (सकाळी १० ते सायंकाळी ६)

यातलं "७ दिवसांत" हे मजकुरापुरतं आहे, त्याने ग्राहकाचा हक्क संपत नाही. आणि "दोष निघाला तर परत देऊ" हे लिहायला घाबरू नका, तसंही ते द्यावंच लागतं.

---

कार्बनब्रश

तपासणीचे दोन फोटो जोडा, एक सिरीयल नंबरचा आणि एक ब्रशच्या टोकाचा. आणि ते मशीन लगेच विकू नका. ७ दिवस बाजूला ठेवा, नाही तर "पुन्हा तपासू" हे लिहून काय उपयोग, तपासायला मशीनच नसेल.

---

गंगाघाट_ग्राहक

मजकूर चांगला आहे, पण रिस्टॉकिंगचं कारण वाचून मी तरी विचारीन की हे उघडलेलं मशीन मग पुढे कमी भावातच विकलं ना? नव्याच भावात विकलं तर ६०० कशाचे?

---

अंबडचं_हत्यारघर

"उघडलेलं खोकं" म्हणून वेगळ्या यादीत टाकतो, किंमत कमी असते. मजकूर घेतला, ६,०१८ धरला. पट्टीचे ९० सोडले.

एक विचारायचं राहिलं. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्याला रिफंड कुठे पाठवायचा? मूळ खातंच नाही.

---

हिशोबनीस

त्याच्याकडून फक्त यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि आयएफएससी मागा, तेही ऑर्डरवरच्याच मोबाइल नंबरवरून. ओटीपी, पिन, कार्डचा फोटो यातलं काही मागायचं नाही. मजकुरात "आम्ही ओटीपी किंवा यूपीआय पिन मागत नाही, पैसे मिळवायला पिन लागत नाही" ही ओळ टाका. रिफंडच्या नावाखाली फसवणारे हाच मार्ग धरतात, आणि तुमचा खरा मेसेजही लोकांना संशयास्पद वाटतो.

---

सातपूर_एमआयडीसी

आणि ग्राहकाने दारातूनच माल परत पाठवला तर? खोकं उघडलेलंच नाही, कुरिअर मात्र जाऊन आला. पैसे आधी भरलेले. रिस्टॉकिंग लावायचं का?

---

करसल्लागार_शरणपूर

खोकं न उघडता परत आलं तर मी रिस्टॉकिंग लावणार नाही, जाण्या-येण्याचं कुरिअर अटीत असेल तर तेवढंच.

---

गंगाघाट_ग्राहक

पण दारात नाकारणं म्हणजे रद्दच करणं झालं ना? मग तो २०२० चा नियम लागतो आणि कुरिअरही कापता येणार नाही, तुम्ही स्वतः रद्द केल्यावर ग्राहकाला काही देत नसाल तर.

---

हिशोबनीस

माल रवाना झाल्यावरचा नकार, तो रद्द धरायचा की परत, हे अटीत आधी लिहून ठेवलं तर तुमची बाजू थोडी बरी. पण आयोगापुढे ते टिकेलच असं मी सांगणार नाही. अशा ऑर्डरवर मी विक्रेत्यांना फक्त पाठवणीचा खर्च धरायला सांगतो, परतीचा नाही.

---

करसल्लागार_शरणपूर

आणि त्या पाठवणीच्या खर्चाची क्रेडिट नोट कशी काढता? माल तर ग्राहकाच्या ताब्यात गेलाच नाही.

---

हिशोबनीस

मालाच्या पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, कुरिअरची रक्कम मूळ बिलावर तशीच ठेवून. मालाशिवाय नुसत्या कुरिअरवर कोणता दर, हे विचाराल तर पुन्हा मघाच्याच ५% आणि १८% च्या वादात शिरावं लागेल.